बिलात पॉवर फॅक्टर कमी दिसतोय? छोट्या वर्कशॉपसाठी मोजणीपासून कपॅसिटरपर्यंत

तीन एचपीची मोटर असलेला लेथ सुरू करा. चक फिरू द्या, पण टूल जॉबला लावू नका. आता मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी एकाच वायरभोवती क्लॅम्प मीटर लावा. 415 व्होल्टच्या लाइनवर साधारण 2.4 अँपिअर दिसतील. मग टूल लावून नेहमीसारखा कट घ्या. चिप्स निघू लागतात, मोटरचा आवाज जड होतो, पण मीटर जेमतेम 2.8 वर जातं. काम चौपट वाढलं आणि करंट फक्त 0.4 अँपिअरने वाढला. पॉवर फॅक्टर म्हणजे काय हे मला पुस्तकातल्या त्रिकोणापेक्षा या दोन आकड्यांनी जास्त नीट समजलं, म्हणून नवीन माणसाला मी आधी हेच करून पाहायला सांगतो.

इंडक्शन मोटरला दोन कामांसाठी करंट लागतो. एक, शाफ्टवर काम करण्यासाठी. दुसरा, स्टेटरमध्ये चुंबकीय क्षेत्र उभं ठेवण्यासाठी. हा दुसरा करंट सेकंदाला कित्येकदा मोटरकडे जातो आणि परत लाइनकडे येतो. त्यातून काम होत नाही, पण वायर, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरला तो वाहावाच लागतो. महत्त्वाची गोष्ट ही की मोटर रिकामी फिरो वा लोडवर, हा चुंबकीय करंट जवळपास तेवढाच राहतो. वर लेथच्या 2.4 अँपिअरमध्ये बहुतेक सगळा तोच होता. कट घेतल्यावर कामाचा करंट सुमारे 0.35 वरून 1.5 अँपिअरच्या आसपास गेला. पण हे दोन करंट सरळ बेरजेने एकत्र येत नाहीत, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे येतात, म्हणून क्लॅम्प मीटरवर फरक इतका थोडा दिसला.

एकूण करंटमध्ये कामाच्या करंटचं जे प्रमाण, तोच पॉवर फॅक्टर. म्हणजे तो कमी असण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा मोटर खराब असणं हे नसतं. मोटर तिच्या कामाच्या मानाने मोठी असते, किंवा बराच वेळ रिकामी फिरत असते. चांगल्या स्थितीतली छोटी मोटर पूर्ण लोडवर 0.8 च्या पुढे पॉवर फॅक्टर देते. तीच मोटर पाव लोडवर 0.5 च्या आसपास येते आणि रिकामी असताना 0.1 ते 0.2 वर. छोट्या वर्कशॉपमध्ये मोटरी दिवसातला बराच वेळ पाव ते निम्म्या लोडवरच असतात. जॉब बांधायचा, माप घ्यायचं, टूल बदलायचं, आणि तोवर मोटर चालूच.

आधी बिल कसं लावतात ते पाहा

कपॅसिटर आणायला जाण्याआधी बिल समोर घेऊन बसा. कमी पॉवर फॅक्टरचे पैसे वसूल करायच्या मुख्य पद्धती तीन आहेत आणि तुमच्याकडे कोणती लागू आहे यावर पुढचा सगळा हिशेब ठरतो.

पहिल्या पद्धतीत बिलाचं युनिटच केव्हीएएच असतं, म्हणजे कामाचा आणि चुंबकीय असा एकूण करंट धरून मोजलेलं. मग वेगळा दंड दिसत नाही, पण चुंबकीय करंटचा बोजा प्रत्येक युनिटमध्ये मुरलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत युनिट किलोवॅट तासच असतं, पण पॉवर फॅक्टर ठराविक आकड्याच्या खाली गेला की टक्केवारीने दंड लागतो, किंवा मर्यादेबाहेरच्या केव्हीएआर तासांचे, म्हणजे नुसत्या चुंबकीय करंटच्या युनिटांचे, वेगळे पैसे लागतात. तिसरी गोष्ट डिमांड चार्ज, म्हणजे महिन्यात एका वेळी घेतलेल्या जास्तीत जास्त लोडवरचा आकार. तो केव्हीएमध्ये मोजला जात असेल, तर तेवढ्याच कामासाठी डिमांड फुगते आणि मंजूर मर्यादा ओलांडली की त्याचा भुर्दंड वेगळा.

तुमचं बिल निव्वळ किलोवॅट तासांवर असेल, दंड नसेल आणि डिमांडही केव्हीएमध्ये मोजत नसतील, तर कपॅसिटर बसवून बिल जवळजवळ कमी होणार नाही. मीटरपासून मोटरपर्यंतच्या वायरमधला थोडा तोटा वाचेल, इतकंच. पॉइंटमध्ये लावायची ‘वीज वाचवणारी’ पेटी विकणारे नेमकी हीच गोष्ट लपवतात.

एका वर्कशॉपचा हिशेब

समजा वर्कशॉपमध्ये तीन एचपीचे दोन लेथ, पाच एचपीची पॉवर प्रेस, पाच एचपीचा कॉम्प्रेसर, दोन एचपीची हॅकसॉ आणि एकेक एचपीचे ड्रिल व ग्राइंडर आहेत. एकूण वीस एचपी. महिन्याला 25 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 200 तास काम. महिन्याच्या बिलात 1500 किलोवॅट तास आणि 2400 केव्हीएएच दिसतात. मीटरच्या डिस्प्लेवर बटण दाबत गेलं की हेच दोन आकडे `kWh` आणि `kVAh` म्हणून वाचता येतात. सूत्रं एवढीच लागतात:

```
PF    = kWh / kVAh
kVArh = √(kVAh² − kWh²)
```

1500 ला 2400 ने भागलं की 0.625 येतात. हा महिन्याचा सरासरी पॉवर फॅक्टर. दुसऱ्या सूत्राने केव्हीएआर तास येतात साधारण 1870. दोन्ही आकड्यांना 200 तासांनी भागा. काम चालू असताना सरासरी लोड 7.5 किलोवॅट आणि त्यासोबत सुमारे 9.4 केव्हीएआर. पुढचं सगळं या 9.4 शी झगडणं आहे.

समजा आपल्याला 0.95 गाठायचा आहे. त्या पॉवर फॅक्टरला दर किलोवॅटमागे 0.33 केव्हीएआर चालतात, म्हणजे साडेसात किलोवॅटला सुमारे 2.5. उरलेले 7 केव्हीएआर वर्कशॉपमध्येच, कपॅसिटरमधून, पुरवायचे. कपॅसिटरही लाइनशी असाच पुढे-मागे करंट खेळवतो, पण मोटरच्या बरोबर उलट वेळेला. त्यामुळे मोटरला लागणारा चुंबकीय करंट शेजारच्या कपॅसिटरकडून मिळतो आणि मीटरमधून तो जात नाही.

मी 0.95 च्या पुढे धावत नाही. 0.95 वरून 1 वर जायला याच वर्कशॉपमध्ये आणखी अडीच केव्हीएआर लागतील आणि केव्हीएएच जेमतेम पाच टक्के कमी होतील. शिवाय लोड हलका झाला की पॉवर फॅक्टर उलट बाजूला, लीडिंगकडे, सरकण्याची भीती. तुमच्याकडे 1 च्या जवळ राहणाऱ्याला बिलात सूट असेल तर गोष्ट वेगळी, मग तो हिशेब जरूर करा.

मेन बोर्डवर कायम जोडलेला कपॅसिटर का नको

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे एक मोठा कपॅसिटर मेन बोर्डवर लावून विसरून जाणं. नवीन माणूस इथेच फसतो, म्हणून हा हिशेब सविस्तर करतो.

समजा प्रत्यक्षात 8 केव्हीएआर देणारा कपॅसिटर मेन बोर्डवर कायम जोडला. कामाच्या 200 तासांत सगळं छान, त्या वेळेचे केव्हीएएच 2400 वरून साधारण 1530 वर येतात. पण 30 दिवसांच्या महिन्यात तास 720 असतात. उरलेले 520 तास वर्कशॉप बंद, मोटरी थांबलेल्या, आणि कपॅसिटर एकटाच लाइनवर. तो तासाला 8 या दराने 4160 लीडिंग केव्हीएआर तास मोजायला लावतो. मीटर फक्त लॅगिंग, म्हणजे मोटरच्या बाजूचे केव्हीएआर तास मोजणारा असेल तर काही बिघडत नाही. पण लॅग आणि लीड दोन्ही मोजणारा असेल, तर ते 4160 जवळजवळ तसेच केव्हीएएच म्हणून बिलात येतात. 2400 चं बिल कमी होण्याऐवजी 5700 च्या जवळ जातं. कपॅसिटर बसवल्यानंतर बिल वाढलं अशी तक्रार कोणी केली की मी आधी विचारतो, रात्री तो बंद होतो का? म्हणून तुमचा मीटर लीडिंगही मोजतो का हे वीज कंपनीला विचारून घ्या, आणि तोवर मोजतो असंच धरून चाला.

यावर छोट्या वर्कशॉपमध्ये मला पटलेला उपाय असा की प्रत्येक मोठ्या मोटरला तिचा स्वतःचा कपॅसिटर द्यायचा, जो मोटरबरोबर चालू होईल आणि मोटरबरोबरच बंद. मोटरी वीस-पंचवीस झाल्या की आपोआप पायऱ्या बदलणारं पॅनेल परवडतं. पाच-सात मोटरींना त्याची गरज नाही.

कुठल्या मोटरला किती

इथे एकच नियम पक्का लक्षात ठेवायचा. मोटरच्या टर्मिनलवर जोडलेल्या कपॅसिटरचे केव्हीएआर मोटरच्या नो-लोड केव्हीएआरच्या 90 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. कारण असं की स्टार्टर सुटल्यावरही मोटर काही वेळ फिरत राहते. कपॅसिटर मोठा असेल तर तो तिला चुंबकीय करंट पुरवत राहतो आणि मोटर जनरेटर बनते. टर्मिनलवरचं व्होल्टेज लाइनपेक्षाही वर चढू शकतं. प्रेसचं जड फ्लायव्हील मोटरला बराच वेळ फिरवत ठेवतं, त्यामुळे हा धोका तिथे सर्वांत जास्त.

मर्यादा काढणं सोपं आहे. प्रेसची मोटर क्लच न लावता फिरू द्या आणि क्लॅम्प मीटरने करंट बघा. समजा 3.5 अँपिअर आले.

```
3.5 × 415 × 1.732 / 1000 = 2.5 kVAr
```

याचे 90 टक्के म्हणजे सव्वादोन. तिथे 2 केव्हीएआरचा कपॅसिटर बसतो. कॉम्प्रेसरच्या मोटरलाही पाच एचपीमुळे साधारण तेवढाच. पण प्रत्येक मोटर स्वतंत्र मोजा, नेमप्लेटवरून अंदाज बांधू नका. रिवाइंडिंग झालेल्या मोटरीत वेढे कमी बसले असतील तर नो-लोड करंट बराच वाढलेला असतो. एकाच एचपीच्या दोन मोटरींपैकी एकीचा रिकामा करंट दुसरीच्या दीडपट दिसला, तर कपॅसिटरच्या आधी त्या वाइंडिंगकडे बघायला हवं. लाइनचं व्होल्टेज कायम चढं असेल तरी सगळ्याच मोटरींचा रिकामा करंट वाढतो.

लेथची गोष्ट निराळी. लेथ वारंवार फॉरवर्ड-रिव्हर्स होतो. टर्मिनलवरचा कपॅसिटर भरलेला असताना मोटर उलटी जोडली गेली तर करंटचा आणि टॉर्कचा मोठा झटका बसतो. म्हणून लेथचा कपॅसिटर रिव्हर्सिंग स्विचच्या आधी, लाइनच्या बाजूला, स्वतंत्र कॉन्टॅक्टरमधून जोडायचा. तो कॉन्टॅक्टर लेथचा मुख्य स्विच चालू असेपर्यंत धरून राहील, पण प्रत्येक रिव्हर्सला सुटणार नाही, अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. लेथचे नो-लोड केव्हीएआर 1.7 च्या आसपास येतात, तिथेही 2 चा एकेक चालतो, कारण तो मोटरच्या टर्मिनलवर नाही आणि, पुढे दिसेल तसं, प्रत्यक्षात पूर्ण 2 देतही नाही. लेथवर मोटर थांबवून मुख्य स्विच तसाच ठेवायची सवय मात्र मोडायला हवी, नाहीतर तिथे रात्रीचीच गोष्ट दिवसा घडते.

एखाद्या मशीनवर ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी असेल, तर ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर कधीही लावू नका. ड्राइव्ह खराब होतो.

कपॅसिटर घेताना त्याच्यावरचं व्होल्टेज वाचा. बाजारात 440 व्होल्टचे कपॅसिटर सर्रास मिळतात आणि घ्यावेतही, कारण रात्री लाइन चढली तर ते टिकतात. पण 2 केव्हीएआर हा आकडा 440 व्होल्टवरचा आहे. कपॅसिटरचं देणं व्होल्टेजच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे 415 व्होल्टवर तो 1.8 च देतो. दोन लेथ, प्रेस आणि कॉम्प्रेसर मिळून पाटीवर 8 केव्हीएआर झाले, लाइनवर 7 च्या थोडे वर. शिवाय सगळ्या मोटरी सगळा वेळ चालत नाहीत, म्हणून सरासरीने हाती 6 च धरा. पॉवर फॅक्टर येतो 0.91. हॅकसॉला 1 केव्हीएआरचा आणखी एक दिला की सरासरी पावणेसातवर जाते आणि पॉवर फॅक्टर 0.94 वर. ड्रिल आणि ग्राइंडरच्या नादी मी लागणार नाही, त्यांना एकेक कपॅसिटर आणि वायरिंग करण्याच्या खर्चात मिळणारं फार थोडं आहे.

आता बिल पाहा. काम तेच, 1500 किलोवॅट तास. केव्हीएएच 2400 वरून 1590 वर. केव्हीएएचवर बिल असेल तर महिन्याला 810 युनिट कमी, जवळपास एकतृतीयांश. या 810 ला तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि कपॅसिटर, कॉन्टॅक्टर, मजुरीच्या खर्चाशी ताडून बघा. दंडाची पद्धत असेल तर दंडाची रक्कम बिलात वेगळी छापलेली असतेच, तीच तुमची बचत. आणि डिमांड केव्हीएमध्ये असेल तर कामाच्या वेळची सरासरी 12 केव्हीएवरून 8 वर आलेली आहे. मंजूर डिमांड कमी करून घेण्याआधी मात्र दोन-तीन महिने कमाल डिमांडचा आकडा बघा, सरासरीवर जाऊ नका.

बसवताना

मोटरच्या टर्मिनलवर कपॅसिटर आला की ओव्हरलोड रिलेचं सेटिंग बदलावं लागतं. हे सुटलं की महाग पडतं. प्रेसच्या मोटरचा पूर्ण लोडचा करंट 7.5 अँपिअर आहे आणि रिले तेवढ्यावर लावलेला आहे. कपॅसिटर रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडला, तर रिलेमधून जाणारा करंट कमी होतो, पण मोटरच्या वाइंडिंगमधला नाही. 2 केव्हीएआरच्या कपॅसिटरने रिलेला पूर्ण लोडवर साधारण 6.3 अँपिअरच दिसतात. रिले 7.5 वर तसाच ठेवला तर मोटर ओव्हरलोड होऊन तापते आणि रिले गप्प बसतो. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका मोटरचा रिले असाच राहू दिला होता. काही महिन्यांनी तिचं वाइंडिंग जळालं आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून कपॅसिटर जोडल्यावर लोडवरचा नवा करंट मोजल्याशिवाय आणि रिले त्या प्रमाणात खाली आणल्याशिवाय मी स्टार्टरचं झाकण लावत नाही.

कपॅसिटरला स्वतंत्र फ्यूज द्या. चालू होताना तो क्षणभर खूप मोठा करंट खेचतो, म्हणून लेथसाठी कपॅसिटर ड्यूटीचा कॉन्टॅक्टर घ्या, साध्याचे पॉइंट लवकर चिकटतात. वायर कपॅसिटरच्या करंटच्या किमान दीडपट क्षमतेची हवी. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावी. आणि स्विच बंद केल्याबरोबर कपॅसिटरला हात लावू नका. आतले डिस्चार्ज रेझिस्टर त्याला मिनिटा-तीन मिनिटांत उतरवतात, पण रेझिस्टर तुटलेला असू शकतो. पाच मिनिटं थांबा, मग मल्टिमीटरने तिन्ही टर्मिनलमधलं व्होल्टेज शून्याजवळ आलेलं बघा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर लावा.

बसवल्यानंतर

कपॅसिटर आवाज न करता मरतो. मोटर नेहमीसारखी चालते, मशीनवरच्या माणसाला काहीच कळत नाही, आणि दोन महिन्यांनी बिल पुन्हा चढलेलं दिसतं. म्हणून तीन महिन्यांतून एकदा मशीन चालू असताना कपॅसिटरच्या तिन्ही वायरींवर क्लॅम्प मीटर फिरवा. 440 व्होल्टचा 2 केव्हीएआर कपॅसिटर 415 व्होल्टवर प्रत्येक वायरीत साधारण 2.5 अँपिअर घेतो. तिन्ही सारखे असतील तर ठीक.

एका वायरीत 2.5 आणि उरलेल्या दोघींत 1.4 दिसले, तर आतल्या तीन कपॅसिटरपैकी एक उघडा पडलाय. असा कपॅसिटर बदलायचा. एका वायरीत शून्य आणि दोघींत 2.2 च्या आसपास असेल तर कपॅसिटर बहुधा चांगला आहे, त्या वायरीचा फ्यूज गेलाय किंवा टर्मिनल ढिलं झालंय. तिन्ही वायरी सारख्याच पण 1.8 वगैरेवर आल्या असतील, तर तो म्हातारा झालाय. तिन्हींत 3 च्या पुढे करंट आणि कपॅसिटर हाताला बराच गरम, असं दिसलं तर आधी लाइनचं व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तर शेजारच्या ड्राइव्ह किंवा वेल्डिंग इन्व्हर्टरमुळे येणाऱ्या हार्मोनिक्सचा संशय घ्या. तिथे नुसता आणखी मोठा कपॅसिटर लावून भागत नाही, कपॅसिटरबरोबर रिअ‍ॅक्टर लागतो. डबा फुगलेला दिसला तर मोजत बसू नका, स्विच बंद करा.

पहिल्या महिन्यात मीटरचे दोन्ही आकडे रोज कुलूप लावताना आणि सकाळी उघडताना लिहून ठेवा. दिवसाच्या फरकावरून दिवसाचा पॉवर फॅक्टर निघतो. रात्रीचे किलोवॅट तास जवळजवळ हललेले नसताना केव्हीएएच पंचवीस-तीसने पुढे गेले असतील, तर कुठला तरी कपॅसिटर रात्रभर लाइनवर राहतोय. आधी लेथचे मुख्य स्विच बघा.